पार्सल, पंचवीस रुपये आणि दोन स्क्रीनशॉट

*वाचकाचं पत्र*

ताई, नमस्कार. आम्ही नंदगडला राहतो. पुण्याहून मुलीने यांची औषधं स्पीड पोस्टाने पाठवली होती, त्याची वाट बघत होतो. परवा दुपारी आमच्या ह्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला की तुमचं पार्सल गोदामात आलंय, दोनदा पोचवायला गेलो पण पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत लिंकवर पत्ता दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल. औषधांचं म्हटल्यावर ह्यांनी लगेच लिंक उघडली, नाव-पत्ता-मोबाईल नंबर भरला. मग २५ रुपये मागितले म्हणून डेबिट कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडेही भरले. ओटीपी आला, पण त्यात रक्कम भलतीच दिसली म्हणून हात आखडला. ओटीपी टाकला नाही. पैसे गेलेले नाहीत. मेसेजचा आणि ओटीपीचा, असे दोन्ही स्क्रीनशॉट पाठवत आहे. हे खरं की खोटं, कशावरून ओळखायचं? आणि आता आम्ही काय करायचं ओ?

— एक वाचक, ता. खानापूर

*उत्तर*

ताई, बाकीचं वाचायच्या आधी कार्ड बंद करा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन लावा, किंवा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्ड ब्लॉक करा. शाखा जवळ असेल तर यजमानांना थेट तिकडेच पाठवा. कार्ड तात्पुरतं गोठवण्याची सोय असते, पण ती इथे पुरेशी नाही. हे कार्ड कायमचं रद्द करून नव्या नंबरचं मागा. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एकदा बाहेर गेले की ते परत घेता येत नाहीत.

ओटीपी दिला नाही म्हणजे सुटलो, असं धरून बसू नका. आपल्या देशातल्या दुकानांच्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखा दुसरा पुरावा लागतो. पण कार्डावर परदेशी व्यवहार चालू ठेवलेले असतील, तर परदेशातल्या काही वेबसाइटवर नुसता नंबर आणि ते तीन आकडे पुरतात. २०२० पासून बँका नवीन कार्ड देताना ऑनलाइन आणि परदेशी वापर बंद ठेवूनच देतात, तो ग्राहकाने मागून चालू करायचा असतो. तुमच्याकडे तो कुणी कधी चालू केला होता का, हे शोधत बसण्यापेक्षा कार्ड रद्द करणं सोपं आहे. नवीन कार्ड आलं की परदेशी वापर बंदच राहू द्या.

बँकेला कळवलेली तारीख आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं की ग्राहकानेच माहिती दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे तुमचा तो फोन ही रेघ आहे. ती जितकी लवकर ओढाल तितकं बरं.

आता पार्सल. ते अडकलंय की नाही हे या मेसेजवरून कधीच कळणार नाही, त्यामुळे त्यासाठी मेसेजकडे बघूच नका. मुलीकडे पुण्याच्या पोस्टातली पावती असेल. त्यावर तेरा अक्षरांचा क्रमांक असतो: सुरुवातीला इंग्रजी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी `IN`. स्पीड पोस्टाचा क्रमांक `E` ने सुरू होतो. मुलीला सांगा की हा क्रमांक पोस्टाच्या संकेतस्थळावर, म्हणजे `www.indiapost.gov.in` वर, स्वतः टाइप करून बघ. नाहीतर पावतीचा फोटो घेऊन तुमच्या पोस्टात जा. पोस्टाचा टोल फ्री नंबर १८००-२६६-६८६८ आहे, तिथेही हा क्रमांक सांगून विचारता येतं. पार्सल कुठल्या गावात पोचलंय ते कळेल आणि तुमचा जीव भांड्यात पडेल.

तुमच्या स्क्रीनशॉटमधली पहिली खूण इथेच सापडते. मेसेजमध्ये हा तेरा अक्षरांचा क्रमांक नाही. यजमानांचं नाव नाही, पार्सल पुण्याहून आलं याचा उल्लेख नाही, नंदगड किंवा खानापूर हा शब्दसुद्धा नाही. नुसतं “आपलं पार्सल” आणि “गोदाम”. पाठवणाऱ्याला तुमच्या पार्सलविषयी काहीच माहीत नव्हतं. हाच मजकूर हजारो नंबरांवर जातो, आणि त्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी खरंच पार्सल यायचं असतं. या वेळी ते घर तुमचं होतं, आणि त्यात औषधं होती.

आपल्या भागात हा मेसेज जास्त खरा वाटतो, कारण आपले पत्ते खरोखरच गोंधळाचे असतात. कुणी अजून बेलगाम लिहितो, कुणी बेळगाव, तर सरकारी कागदावर २०१४ पासून बेळगावी. पुण्या-मुंबईचे नातेवाईक सवयीने जिल्हा बेळगाव आणि पुढे राज्य महाराष्ट्र लिहून मोकळे होतात. गल्लीचं नाव मराठीत एक, कन्नड पाटीवर दुसरं. त्यामुळे “पत्ता अपुरा” वाचलं की आपल्याला चटकन वाटतं, हो, असेल बाई, पोरीने काहीतरी चुकीचं लिहिलं असेल. पण पोस्टाचं काम पिनकोडवर चालतं. पिनकोड बरोबर लिहिला की पार्सल त्या पिनकोडच्या पोस्टाकडे येतं, मग वर राज्य कुठलंही लिहिलेलं असो. तिथून पुढे गल्ली आणि घर पोस्टमनच्या ओळखीचं असतं. आणि घर सापडलंच नाही, तर पार्सल पोस्टात ठेवून निरोप देतात. फिलिपिन्समधल्या नंबरवरून मेसेज पाठवून, अनोळखी लिंकवर कार्डाचे आकडे घेऊन पत्ता दुरुस्त करण्याची पद्धत पोस्टात नाही.

फिलिपिन्स म्हटलं, कारण तुमच्या पहिल्या स्क्रीनशॉटच्या अगदी वर, जिथे पाठवणाऱ्याचा नंबर दिसतो, तिथे `+63` आहे. भारताचा `+91`, फिलिपिन्सचा `+63`. बहुतेक लोक मेसेजचा मजकूर दोनदा वाचतात आणि ही ओळ एकदाही वाचत नाहीत. मी स्क्रीनशॉट हातात आला की आधी तिथेच बघते. भारतात बँक, सरकारी खातं किंवा मोठी कंपनी साध्या एसएमएसने काही कळवते तेव्हा वर दहा आकडी नंबर नसतो, अक्षरांचं नाव असतं. आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग संस्थेचं आखूड नाव, आणि २०२५ पासून त्याच्या पुढे आणखी एक अक्षर: जाहिरातीला `P`, सेवेच्या निरोपाला `S`, व्यवहाराला `T`, सरकारी असेल तर `G`. पहिली दोन अक्षरं मोबाईल कंपनीची आणि सर्कलची असतात, ती बदलत राहतात, त्यात अडकू नका. तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमधला ओटीपीचा मेसेज बघा, तो असाच अक्षरांच्या नावाने आला आहे. कारण तो खरोखर बँकेचा आहे. त्याच्याकडे पुढे येतेच.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. अनोळखी दहा आकडी नंबर दिसला की लगेच फसवणूक, असं समजू नका. खासगी कुरिअरची पोरं स्वतःच्याच मोबाईलवरून फोन करतात, “काकी, चौकात आलोय, घर कुठलं?” म्हणून विचारतात. तो नंबर अनोळखीच असतो आणि माणूस खरा असतो. फरक हा की तो तुमच्या गावात उभा असतो, पार्सल त्याच्या हातात असतं आणि त्याला लिंक उघडून हवी नसते. उलट, अक्षरांचं नाव दिसलं म्हणून मेसेज खराच, असंही नाही. पाठवणारा ही अर्धी साक्ष आहे. उरलेली साक्ष लिंक देते.

लिंक नीट वाचायला शिका, ताई, कारण बाकी सगळं नकली करता येतं, हे करता येत नाही. तुमच्या मेसेजमधली लिंक अशी होती. मधली अक्षरं मी मुद्दाम झाकली आहेत, कुणी कुतूहलाने उघडू नये म्हणून.

```
https://indiapost.gov.in.xxxx.top/in
```

यजमानांनी `indiapost.gov.in` वाचलं आणि विश्वास ठेवला. साहजिक आहे, आपण डावीकडून वाचतो. पण वेबसाइटचा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा वाचायचा असतो. पोस्टात पाकीट खालून वर वाचतात: आधी पिन आणि जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी नाव. कारण पत्र कुठे जाणार हे खालची ओळ ठरवते. लिंकमध्ये ती खालची ओळ उजवीकडे असते.

करायचं असं. `https://` सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ कुठे येते ते शोधा. वरच्या लिंकमध्ये ती शेवटच्या `in` च्या आधी आहे. त्या रेघेच्या पुढचं सगळं विसरा, त्याला मालकीशी देणंघेणं नाही. आता रेघेच्या अलीकडून डावीकडे या. पहिला तुकडा `top`, त्याआधी `xxxx`. हे दोन मिळून झाले `xxxx.top`, आणि या साइटचा मालक तोच. त्याच्या डावीकडे जे लिहिलंय ते सगळं मालकाने स्वतःच्या मर्जीने जोडलेलं आहे. तिथे तो पोस्टाचं नाव लिहील, बँकेचं लिहील, हव्या त्या खात्याचं लिहील. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

खऱ्या पत्त्याला हीच रीत लावून बघा. `www.indiapost.gov.in` मध्ये उजवीकडून आधी `in`, मग `gov`. हे दोन जोडून आले की ते सरकारी, कारण `gov.in` ने संपणारा पत्ता सरकारी संस्थेलाच मिळतो. म्हणून इथे आणखी एक तुकडा डावीकडे जायचं, तो `indiapost`. झालं, पोस्टच. पण मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आली, म्हणजे `indiapost-gov.in` असं काही दिसलं, तर ते सरकारी नाही. तिथे शेवटी नुसता `in` उरतो, आणि तसा पत्ता कुणीही थोड्या पैशांत विकत घेऊ शकतो. एवढ्याशा टिंबावर सगळं अवलंबून आहे, म्हणून चष्मा लावून वाचा. बँकांसाठीही अशीच सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपले पत्ते `bank.in` ने संपणारे करायला सांगितले होते. त्यामुळे बँकेचं म्हणून आलेल्या लिंकमध्येही उजवीकडून आधी तेच शोधा.

तुमच्या लिंकचं मी आणखी एक बघितलं. प्रत्येक वेबसाइटचं नाव कधी नोंदवलं गेलं याची उघडी नोंद असते. `lookup.icann.org` या ठिकाणी `xxxx.top` एवढंच टाकलं, की ती फसवी साइट न उघडताच नोंदणीची तारीख दिसते. तुमच्या लिंकमधलं नाव मेसेज येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी नोंदवलेलं निघालं. पोस्टाची वेबसाइट गेल्या आठवड्यात जन्मलेली कशी असेल? हे काम तुम्हाला जमेल असं नाही, गरजही नाही, पण घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याला सांगा. दोन मिनिटांत होतं.

लिंकबद्दल एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये जे छापलेलं दिसतं तेच खाली असेल असं नाही. मेसेजमध्ये नुसतं “इथे दाबा” असं बटण असेल तर खरा पत्ता चित्रात येतच नाही. लांब लिंक कडेला कापली जाते, आणि मालकाचं नाव नेमकं कापलेल्या भागात राहतं. शिवाय इंग्रजी छोटा एल, मोठा आय आणि एकचा आकडा चित्रात सारखेच दिसतात. म्हणून लिंक वाचून “खोटी” असं ठामपणे सांगता येतं, पण “खरी” असं सांगताना मीसुद्धा हात राखून असते. खात्री करायची असेल तर मेसेजमधल्या वाटेने जायचंच नाही. आपल्या माहितीच्या पत्त्यावर आपण स्वतः जायचं, जसं मघाशी पावतीच्या क्रमांकाचं सांगितलं.

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, ती तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण स्क्रीनशॉटमध्ये स्पष्ट दिसते. `Y` असं उत्तर पाठवा, मेसेज बंद करा, मग पुन्हा उघडून लिंक दाबा. आणि त्याखाली यजमानांनी पाठवलेला `Y` आहे. मुलीने वापरून दिलेला आयफोन असावा, कारण ही युक्ती आयफोनसाठीच आहे. अनोळखी माणसाकडून आलेल्या मेसेजमधली लिंक आयफोन दाबू देत नाही, ती नुसती अक्षरं म्हणून दिसते. तुम्ही एकदा उत्तर दिलंत की फोन समजतो, हा ओळखीचा आहे, आणि लिंक चालू होते. म्हणजे दाराला फोनने लावलेली कडी तुमच्याच हाताने काढून घेण्यासाठी ती ओळ असते. खरं पोस्ट, खरी बँक, खरं कुरिअर असं कधीच सांगणार नाही. ही ओळ ज्या मेसेजमध्ये दिसेल तो पुढे तपासायचीही गरज नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, इंग्रजी चुकीचं असेल तर मेसेज खोटा. पूर्वी हे बऱ्यापैकी खरं ठरायचं, आता त्यावर विसंबू नका. तुमच्या मेसेजमधलं इंग्रजी ठीकठाक आहे. उलट आपल्याकडे खऱ्या सरकारी मेसेजचं मराठी किंवा कन्नड कधी कधी इतकं विचित्र असतं की तोच खोटा वाटावा. पोस्टाचं बोधचिन्ह, लाल-पिवळा रंग, लिंकशेजारी दिसणारं कुलपाचं चित्र, यांतल्या कशालाच पुरावा मानू नका. कुलपाचा अर्थ इतकाच की तुम्ही भरलेली माहिती वाटेत कुणी वाचणार नाही. ती ज्याच्याकडे पोचते तो चोर आहे की साव, हे कुलूप सांगत नाही.

आता दुसरा स्क्रीनशॉट. यजमानांचा हात जिथे थांबला तोच प्रसंग सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखा आहे. पानावर रक्कम होती २५ रुपये. बँकेच्या मेसेजमध्ये होती १८,४९९ रुपये, आणि पुढे एका ऑनलाइन दुकानाचं नाव. पोस्टाचं नाव कुठेच नाही. हे कसं झालं? ते पान पैसे घेण्यासाठी नव्हतंच, ते नुसतं माहिती गोळा करायला मांडलेलं होतं. यजमान इकडे आकडे भरत होते, तेव्हा पलीकडे कुणीतरी तेच आकडे एका खऱ्या दुकानाच्या वेबसाइटवर भरत होता. त्या दुकानाने बँकेला विचारलं, बँकेने खातेदाराला ओटीपी पाठवला. त्या क्षणी फसव्या पानावर रकाना उघडला: २५ रुपयांसाठी ओटीपी टाका. तो टाकला असता तर १८,४९९ चा माल त्याचा झाला असता.

म्हणूनच म्हटलं की दुसरा मेसेज खरा आहे. पहिला मेसेज चोराचा, दुसरा बँकेचा, आणि बँक त्यात सगळं स्पष्ट सांगत होती: किती रुपये, कुणाला. ओटीपीचा मेसेज आला की आपण सहा आकडे बघतो आणि बाकीची ओळ सोडून देतो. काही फोन तर तेवढे आकडे उचलून वरच्या पट्टीत दाखवतात, मेसेज उघडावाही लागत नाही. तो उघडून पूर्ण वाचायचा. रक्कम जुळते का आणि नाव जुळतं का, या दोनच गोष्टी बघायच्या. यजमानांनी बघितल्या, आणि त्यामुळेच पैसे वाचले. त्यांच्यावर रागावला असाल तर हे त्यांना जरूर सांगा.

कुरिअरवालेही दारात ओटीपी मागतात, तो वेगळा. पार्सल तुमच्या हातात दिल्याची खूण म्हणून तो असतो. त्या मेसेजमध्ये रुपयांचा उल्लेख नसतो, आणि तो पार्सल समोर असतानाच सांगायचा असतो. पार्सल दिसायच्या आधी फोनवर कुणी मागितला तर द्यायचा नाही. पैशांचंही तसंच. पोस्टात व्हीपीपीचं पार्सल असेल किंवा परदेशातून आलेल्या वस्तूवर कर बसला असेल, तर पोस्टमन खरोखर पैसे घेतो. पण ते देताना पार्सल समोर असतं. तुमची मुलगी तर पुण्याला पोस्टेज भरून पावती घेऊन आली आहे. त्यावर पुन्हा २५ रुपये कसले?

तुम्ही स्क्रीनशॉट मला पाठवलेत ते योग्यच केलंत, पण दोन सुधारणा सांगते. ओटीपीच्या स्क्रीनशॉटमध्ये सहा आकडे आणि खात्याचे शेवटचे आकडे तसेच राहिले आहेत. या वेळी ओटीपीची मुदत संपलेली होती म्हणून बिघडलं नाही. इथून पुढे कुणालाही पाठवताना, अगदी भावाला किंवा बँकेतल्या ओळखीच्या माणसालाही, फोटो संपादनात जाऊन त्यावर गडद पट्टी ओढा. पाठवणाऱ्याचा नंबर, मेसेजची वेळ आणि पूर्ण लिंक मात्र झाकू नका, त्यावरच तर सगळं ठरतं. आणि आलेला स्क्रीनशॉट बघताना त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. नव्या फोनमध्ये फोटोतली अक्षरंही फोन वाचतो, आणि चित्रातली लिंकसुद्धा दाबली तर उघडू शकते. घरच्या ग्रुपवर “हे बघा, फसवणूक आहे” म्हणून मूळ मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा, त्यातली लिंक झाकून चित्र टाका.

पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे पोलिसांत धावायची घाई नाही. पण नंबर आणि लिंक कळवा. केंद्र सरकारच्या `sancharsaathi.gov.in` वर चक्षू नावाची सोय आहे. पैसे न गेलेल्या संशयास्पद मेसेजची तक्रार तिथेच करायची असते. स्क्रीनशॉट जोडता येतो, म्हणून तोवर मेसेज पुसू नका. कार्ड बंद होण्याआधी एखादी रक्कम गेल्याचं खात्यात दिसलं, तर मात्र त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत तिथून ते अडवायचा प्रयत्न करतात, म्हणून तिथे तासांचा हिशोब असतो. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर होते. आपल्या भागात बऱ्याच जणांची खाती कोल्हापूरकडच्या शाखांत असतात आणि मग प्रश्न पडतो की तक्रार कुठल्या राज्यात करायची. तुम्ही जिथे राहता तिथे करा, म्हणजे कर्नाटकात. बँक कुठल्या राज्यातली हे आड येत नाही. समक्ष जायचं झालं तर बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी वेगळं सीईएन पोलीस ठाणं आहे.

मला आता खरी काळजी पुढच्या काही आठवड्यांची आहे. यजमानांचं नाव, घरचा पत्ता, मोबाईल नंबर आणि ते कुठल्या बँकेचं कार्ड वापरतात हे त्या लोकांकडे गेलं आहे. पान अर्धवट सोडलं तरी भरलेली अक्षरं पोचलेली असू शकतात, कारण अशा पानांवर शेवटचं बटण दाबायच्या आधीच टाइप केलेलं पलीकडे दिसतं. त्यामुळे फोन येण्याची शक्यता आहे. बोलणारा मराठीत, कन्नडमध्ये किंवा हिंदीत बोलेल, नाव-गाव बरोबर सांगेल. “तुमच्या कार्डावर फसवणुकीचा प्रयत्न झाला होता, तो रद्द करायला एक ओटीपी येईल तो सांगा” असं म्हणेल. यातला पहिला भाग खरा असल्यामुळे ऐकणाऱ्याला तो बँकेचाच वाटतो. अशा वेळी वाद घालायचा नाही, नंबर तपासत बसायचं नाही. फोन ठेवायचा आणि कार्डामागच्या नंबरवर आपण स्वतः लावायचा. हे यजमानांना आजच सांगून ठेवा. घरातला फोन दुसरं कुणी उचलत असेल तर त्यांनाही सांगा.

आणि पुण्याला फोन करून मुलीकडून तो तेरा अक्षरांचा क्रमांक मागवून घ्या. औषधांचा किती साठा घरात आहे ते मोजा. तीन-चार दिवसांपेक्षा कमी असेल तर पार्सलची वाट न बघता खानापुरातून तेवढ्यापुरत्या गोळ्या आणून ठेवा.